ठिपका कोणाकडून कोणाकडे?

दिवाळीनंतर आमच्या साताऱ्यातल्या गोडोलीच्या कॉलनीत शेजारच्या एका मुलीच्या प्रसंगावरून एक वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. एका बाजूचं म्हणणं, "लाइव्ह लोकेशन चालू होतं ना? मग एवढं घाबरायचं कारण काय?" दुसऱ्या बाजूचं म्हणणं, "लोकेशन खोटंही पाठवता येतं. पोरींनी अनोळखी माणसाला भेटायला जाऊच नये." दोन्ही बाजूंना मी ओळखतो आणि दोघांनाही त्या मुलीची काळजी आहे. पण दोघंही एकच चूक करताहेत. लोकेशन खरं की खोटं एवढ्यावरच ते भांडताहेत, आणि ते कोणी कोणाला पाठवलं हे कुणी विचारतच नाही. माझं मत आधीच सांगतो. अनोळखी माणसाने आपल्याला पाठवलेल्या लोकेशनवर काडीचाही भरवसा ठेवू नये. आपण आपल्या माणसाला पाठवलेल्या लोकेशनवर थोडा ठेवावा, तोही समोर कुणीतरी खरोखर बघत बसलेलं असेल तरच. आणि आपण त्या अनोळखी माणसाला जे लोकेशन पाठवतो, त्याची खरी भीती बाळगावी.

आधी काय घडलं ते सांगतो. शेजारची मुलगी एमआयडीसीत नोकरीला आहे. तिला जुनी स्कूटर घ्यायची होती. जाहिरात बघून तिने एका माणसाशी बोलणी केली. तो म्हणाला, मी कऱ्हाडहून गाडी घेऊनच येतो, पाच वाजता एसटी स्टँडसमोर भेटू. चार वाजता त्याने स्वतःचं लाइव्ह लोकेशन पाठवलं आणि लिहिलं, "तुम्हीही पाठवा, शोधायला सोपं जाईल. मला उशीर होऊ शकतो, जास्त वेळाचं पाठवा." व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय असतात. तिने त्याला आठ तासांचं पाठवलं. घरच्या ग्रुपवर मात्र पंधरा मिनिटांचं टाकलं, पोचल्यावर परत पाठवू म्हणून. त्या ग्रुपवर सदतीस माणसं आहेत.

नंतर तासभर ती नकाशावर त्याचा ठिपका बघत होती. उंब्रज गेलं, नागठाणे गेलं, बोरगाव गेलं. ती मला म्हणाली, "काका, ठिपका जवळ येत होता तसा तो माणूस ओळखीचा वाटायला लागला." या वाक्यापाशी मी थांबलो, कारण सगळी गोम त्यातच आहे. पाच वाजून गेल्यावर त्याचा फोन आला. गाडीची केबल शेंद्र्याजवळ तुटली आहे, इथंच येऊन बघा. ठिपकाही शेंद्र्यालाच होता. ती वडापने गेली. ठिपक्याच्या जागी कुणी नव्हतं. तो फोनवर म्हणाला, सर्व्हिस रोडने थोडं आत या. अंधार पडत होता, ती आत न जाता मागे फिरली आणि सातच्या सुमारास घरी आली. स्वयंपाकघरात कुणाला काही ठाऊक नव्हतं, कारण घरच्यांसाठीचा ठिपका सव्वाचारलाच बंद पडला होता. रात्री दहाला त्या माणसाचा मेसेज आला: "पोचलात ना? घर किल्ल्याच्या पायथ्यालाच आहे वाटतं."

म्हणजे घरच्यांना ती पंधरा मिनिटं दिसली आणि त्या माणसाला सहा तास. तो शेंद्र्याला होता की नव्हता, हे आजही कुणाला छातीठोकपणे सांगता येणार नाही. तिचं घर कुठे आहे, हे मात्र त्याला पक्कं कळलं.

मी जमीन मोजणीचं काम करतो. उपग्रहांवरून जागा काढणं हे माझं रोजचं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून एक गैरसमज आधी दूर करतो. पुष्कळांना वाटतं की वरून उपग्रह आपल्याकडे बघत असतो आणि माणूस कुठे आहे ते तोच सांगतो, त्यामुळे त्यात लबाडी करता येत नाही. उपग्रह कुणाकडे बघत नाही. तो फक्त वेळेचे संदेश सोडत राहतो. कोणत्या उपग्रहाचा संदेश किती उशिरा आला, यावरून फोन स्वतःच हिशोब करतो आणि स्वतःच ठरवतो की मी इथे आहे. उघड्या माळावर हा हिशोब पाचेक मीटरपर्यंत बरोबर येतो. घरात किंवा भिंतींच्या गर्दीत आसपासच्या वायफायवरून आणि टॉवरवरून अंदाज बांधला जातो आणि चूक कितीतरी वाढते. पण दोन्ही वेळा सांगणारा फोनच असतो. व्हॉट्सॲप फोनला विचारतं, फोन सांगतो, आणि ते तुमच्या पडद्यावर येतं. या साखळीत त्याची जागा बाहेरून तपासणारं कुणीही नाही. ज्याने साक्ष द्यायची तोच पंच, अशी ही व्यवस्था आहे.

फोनला खोटं सांगायला लावणं कितपत अवघड आहे? अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये `Select mock location app` अशी एक ओळ असते. ती चोरवाट नव्हे, मुद्दाम दिलेली सोय आहे. ॲप बनवणाऱ्यांना ती चाचणीसाठी लागते आणि आम्हा मोजणीवाल्यांनाही लागते. आमच्या काठीवरचा रिसीव्हर फोनपेक्षा कितीतरी अचूक असतो. त्याचं उत्तर फोनमधल्या नकाशावर यावं म्हणून आम्ही याच ओळीतून फोनला सांगतो की तुझी जागा बाजूला ठेव, ही घे. मी खरी जागा देतो. दुसरा कुणी त्याच वाटेने हवी ती जागा देईल. कॉलनीच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून मी हे करून दाखवलं. समोरच्या काकूंच्या पडद्यावर माझा ठिपका पोवई नाक्यावरून निघाला आणि कासच्या रस्त्याला लागला. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि पडद्याकडेही बघत होत्या. ठिपका यवतेश्वरचा घाट चढत होता.

खोटा ठिपका ओळखता येतो का? कधी कधी येतो. खरा ठिपका अडखळतो. उभ्या माणसाचाही इकडे तिकडे हलतो, रस्ता सोडून शेतात उडी मारतो, घाटात रेंज गेली की थिजतो आणि पुढे एकदम उगवतो. गाडी टोलनाक्यावर थांबली तर तोही थांबतो. ज्याचा ठिपका एकसारख्या वेगाने रस्त्याच्या बरोबर मधून, कुठेही न रेंगाळता येतो, त्याच्याविषयी शंका घ्यावी. मोजणीत आम्ही असंच करतो. एकाच खुणेची चार वाचनं काढली तर ती चारही जरा जरा वेगळी यायला हवीत. चारही तंतोतंत सारखी आली तर वहीतली नोंद बांधावर झालीच नाही असं आम्ही धरतो. पण या परीक्षेवर विसंबू नका. खोट्या ठिपक्याला अडखळायला लावणारी ॲपही आहेत. ठिपका सरळ आला तर शंका घ्या, पण वाकडा आला म्हणून विश्वास टाकू नका.

शिवाय खोटं बोलायला एवढी खटपट लागतेच असं नाही. फोन दुसऱ्याच्या खिशात दिला की झालं. आग्र्याहून सुटकेची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १६६६ साली महाराज पहाऱ्यातून निसटले तेव्हा पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन झोपले होते आणि पांघरुणाबाहेर काढलेल्या हाताकडे बघून पहारेकऱ्यांची खात्री पटत होती, असं बखरींच्या परंपरेने सांगितलं आहे. पहारेकरी आळशी नव्हते. ते नेमाने बघत होते, आणि जे दिसत होतं तेही खोटं नव्हतं. हात खराच होता, फक्त तो त्या माणसाचा नव्हता. लाइव्ह लोकेशन तर हातही दाखवत नाही. ते एका यंत्राची जागा दाखवतं. यंत्र कुणाच्या हातात आहे, तो एकटा आहे की चौघांबरोबर, मजल्यावर आहे की तळघरात, यातलं त्याला काहीही माहीत नसतं.

आता पहिल्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा घेतो. ज्याच्या मनात काळंबेरं आहे तो आपण होऊन लोकेशन का देईल? पुढे काही घडलं तर तो पकडला जाणार नाही का? या बोलण्यात दम आहे. भुरट्या, हौशी माणसाला यामुळे धाक बसतो, हे मी मान्य करतो. खोटा ठिपका टॉवरला फसवू शकत नाही, हेही खरं आहे. फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात होता ती नोंद मोबाइल कंपनीकडे वेगळी राहते आणि पोलिस रीतसर मागवून ती काढू शकतात. पण ती नोंद कधी निघणार? काही झाल्यानंतर. ती तपासाच्या कामाची आहे, संध्याकाळी शेंद्र्याच्या फाट्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या हातात ती नाही. आणि विश्वास बसावा म्हणूनच जो ठिपका पाठवतो, त्याला धाक कसला? इथे ठिपका आमिषाचंच काम करत होता. तासभर तो जवळ येताना दिसला म्हणूनच भेटीची जागा ऐन वेळी बदलली तरी तिला खटकलं नाही.

मोजणीच्या जगात एक जुनी शिस्त आहे. लॅम्बटन साहेबाने १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर साखळीने एक रेषा मोजली आणि त्या रेषेवरून त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत भारताची मोजणी सुरू केली. गणित बिनचूक होतं. तरी दोन वर्षांनी बंगळूरजवळ त्याने आणखी एक रेषा पुन्हा जमिनीवर साखळीने मोजली, फक्त गणिताचं उत्तर खरं येतं का हे बघायला. पहिल्या मापावरून निघालेल्या उत्तराने पहिलं मापच खरं ठरवता येत नाही. त्याला स्वतंत्र माप लागतं. अनोळखी माणसाच्या बाबतीत त्याचा ठिपका, त्याचा फोटो आणि त्याचं बोलणं ही तिन्ही मापं त्याच्याच साखळीची आहेत. आपली साखळी कोणती?

स्कूटरचाच व्यवहार घ्या. गाडीचा नंबर आधी मागून एमपरिवाहन ॲपवर टाकला असता तर गाडी कोणत्या बनावटीची आणि कधी नोंदलेली आहे ते सरकारी नोंदीतून आलं असतं आणि जाहिरातीशी ताडता आलं असतं. त्यात त्या माणसाचा हात नाही. माणूस पोचल्याचं सांगतो तेव्हा व्हिडिओ कॉल करून म्हणावं, कॅमेरा फिरवा, महाराजांचा पुतळा दाखवा. पोवई नाक्यावर उभा असलेला माणूस हे पाच सेकंदात करतो. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजावं. आणि भेटीची जागा आपण निवडावी, एकदा ठरली की बदलू नये. केबल तुटली? मग दुरुस्त करून उद्या या. स्कूटर उद्याही विकायची असते.

एक खूण इथेच सांगून ठेवतो. व्हॉट्सॲपचं खरं लाइव्ह लोकेशन ही लिंक नसतेच, चॅटमध्येच उघडणारा नकाशा असतो. नकाशाखाली हॉटेलचं किंवा पंपाचं नाव लिहून आलं असेल तर ते लाइव्ह नाही, यादीतून निवडलेली जागा आहे, आणि ती घरी बसूनही निवडता येते. गूगल मॅप्सवरून मात्र लिंक येते, आणि ती ज्याच्या हाती पडेल त्याला पाठवणारा दिसतो. लोकेशन म्हणून आलेली एखादी लिंक ब्राउझरमध्ये उघडून उलट तुमच्याच लोकेशनची परवानगी मागू लागली, पासवर्ड मागू लागली किंवा ॲप डाउनलोड करा म्हणाली, तर ती तिथेच बंद करावी. ती तुमची जागा काढून घेण्यासाठी आलेली असू शकते.

दुसऱ्या बाजूला, म्हणजे "जाऊच नये" म्हणणाऱ्यांनाही उत्तर दिलं पाहिजे. त्यांची भीती मी हलकी मानत नाही. पण कुणी जाऊच नये म्हणजे नेमकं कुणी? घरोघरी जाऊन मेंदी काढणाऱ्या मुलीने? भाड्याची खोली बघायला आलेल्या विद्यार्थिनीने? विम्याचा हप्ता गोळा करणाऱ्या बाईने? अनोळखी माणसाला भेटणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. आणखी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या ठिपक्यामुळे कित्येक आयांनी मुलींना संध्याकाळच्या क्लासला, परगावच्या मुलाखतीला जाऊ दिलं. ठिपका नसता तर दार बंदच राहिलं असतं. हे मोकळेपण ज्याच्या जोरावर मिळालं ते फेकून द्या असं मी कसं म्हणेन? मी एवढंच म्हणतो की त्याचं तोंड घराकडे वळवा.

घराकडे वळवायचं म्हणजे सदतीस जणांच्या ग्रुपकडे नव्हे. सदतीस जण बघताहेत म्हणजे कुणीच बघत नाही, हे त्या संध्याकाळी दिसलं. प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. प्रतापगडाखालच्या भेटीची कथा आपण शौर्यासाठी सांगतो, पण त्या भेटीतली तयारी बघा. जागा आपली. सोबत किती माणसं हे ठरलेलं. आणि गडावरून तोफेचा बार झाला की जावळीच्या रानातल्या माणसांनी काय करायचं हेही आधीच ठरलेलं. बाराला अर्थ आला तो ऐकणाऱ्यांना काम नेमून दिलेलं होतं म्हणून. आपल्या ठिपक्याचंही तसंच आहे. तो थांबला तर कुणी, किती मिनिटांनी, काय करायचं, हे ठरलेलं नसेल तर तो नुसता नकाशावरचा डाग आहे.

तो थांबतो तेव्हा सहसा बोंब मारत नाही, ही यातली सर्वांत धोक्याची गोष्ट. बॅटरी संपली, रेंज गेली, बॅटरी सेव्हरने ॲपचा गळा दाबला, तर ठिपका शेवटच्या जागी तसाच बसून राहतो. तो कधीचा आहे हे नकाशा उघडून खालची बारीक ओळ वाचली तरच कळतं. मुदत संपली किंवा कुणी शेअरिंग थांबवलं तरी चॅटमध्ये छोटं चित्र उरतं, आणि त्या चित्रात सुरुवातीची जागा असते. वरवर बघणाऱ्या आईला वाटतं पोरगी अजून स्टँडवरच आहे. म्हणून बघणाऱ्याने नकाशा उघडूनच बघावं आणि ठिपक्याची जागा बघण्याआधी त्याची वेळ बघावी. निघणारीने मुदत कामापेक्षा मोठी घ्यावी, परत आल्यावर हाताने बंद करावी. लोकेशनच्या परवानगीत `Precise` चालू आहे का तेही बघावं, नाहीतर घरच्यांना दिसते ती काही किलोमीटरची अंधुक जागा.

आणि ठिपका थांबला की लगेच घाबरायचं का? नाही. आपल्या जिल्ह्यात घाटात, कासच्या वाटेवर, कोयनेच्या खोऱ्यात रेंज जातेच. प्रत्येक वेळी धावाधाव केली तर चौथ्या वेळी कुणी उठणार नाही. म्हणून ठिपक्याच्या भरवशावर न राहता ठरलेल्या वेळेचा फोन हवा. ठिपका दिसत असला तरी तो फोन झालाच पाहिजे, कारण फोनवर आवाज ऐकू येतो, ठिपक्याला आवाज नाही. फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी दुसरा. तोही नाही, तर ११२. त्यांना सांगायला चार गोष्टी आधीच कागदावर असाव्यात: शेवटची जागा आणि तिची वेळ, समोरच्याचा नंबर, गाडीचा नंबर, आणि अंगावर काय कपडे होते. "लोकेशन बंद झालंय हो," एवढंच सांगितलं तर गाडी पाठवायची कुठे?

उरला तो माणूस, ज्याला तिने आठ तास दिले. त्याला काय पाठवायचं? काहीही नाही. "स्टँडसमोर, चौकशीच्या खिडकीपाशी" हे शब्द पुरेसे आहेत. लाइव्ह लोकेशनमध्ये जाण्याची वाट असते तशी परतीचीही असते, आणि परतीची वाट घरी संपते. "तुम्हीही पाठवा" ही विनंती साधी वाटते, बरोबरीची वाटते, पण ती बरोबरीची नाही. त्याचा ठिपका खोटा असू शकतो. तिचा खरा असतो, कारण तिने खोटा करायचा विचारही केलेला नसतो.

त्या मुलीने महिन्याभराने स्कूटर घेतली. वाढे फाट्याजवळच्या एका माणसाकडून, दुपारी बारा वाजता, पंपासमोर. कोरेगावची तिची मावशी एकटीच ठिपका बघत होती. विकणाऱ्याने लोकेशन मागितलं तेव्हा मुलीने पंपाचं नाव सांगितलं. साडेबाराला मावशीचा ठरलेला फोन आला. मुलगी गाडीवर बसून चक्कर मारायला निघाली होती. तिने गाडी बाजूला घेतली, फोन उचलला, गाडीचा नंबर परत एकदा वाचून दाखवला आणि मग पुढे गेली. विकणारा कागद हातात धरून उन्हात उभा होता. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.